कडक भाकरीचे पहिले वर्ष



आमच्या कडक भाकरीच्या व्यवसायास आज एक वर्ष झाले. आम्ही दोघी जावांनी एका शेगडीवर आरंभ केला. भाकरी करता येते, मग विकताही येईल, असे वाटले होते. तो समज पहिल्याच पावसाळ्यात उतरला.

श्रावणात मोठी मागणी आली. घाईने भाकऱ्या कोमट असतानाच पिशव्यांत भरल्या. वाफ आतच कोंडली. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या वातड झाल्या, पुढे काहींवर बुरशी आली. शेजारच्या एका आजींनी पुडा परत आणला. चारचौघांत न बोलता मला बाजूस घेऊन दाखविला. आम्ही सारे पुडे परत घेऊन पैसे दिले. त्या महिन्याची मिळकत त्यातच गेली.

तेव्हापासून मालदांडी ज्वारीचे ताजे पीठ घेऊन भाकरी पातळ थापतो. मंद आचेवर फडक्याने दाबीत, मधला भागही वाळेपर्यंत भाजतो. पूर्ण निवाल्यावाचून भरीत नाही. प्रत्येक खेपेतील एक भाकरी मधोमध मोडून पाहतो. कटकन तुटली तर ठीक. वाकली तर सारी खेप पुन्हा तव्यावर जाते. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून मागणी निम्मीच स्वीकारतो.

नफा अजून बेताचाच आहे. परंतु ज्या भगिनींनी पुडा परत आणूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा मागणी नोंदविली, त्यांच्यामुळेच शेगडी पेटती राहिली. त्यांचे मनःपूर्वक आभार. यापुढेही भाकरी वाकली, तर आधी आम्हांलाच सांगावे, ही विनंती.