बेल वाजली की फोनवर मेसेज
अमेरिकेतल्या मित्रांनो, तुमच्याकडे बऱ्याच घरांत डोअरबेल १६ व्होल्ट एसीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर चालते, म्हणून हा जुगाड जमतो. भारतात बेल बहुधा थेट २३० व्होल्टवर असते, तिथे हे अजिबात करू नका.

१० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जेमतेम ०.६ अँपिअर देतो, आणि तो चाइमलाच लागतो. त्यामुळे ईएसपी३२ला वेगळा यूएसबी चार्जर द्या. बटण वाचायला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१४ ऑप्टोकपलर सिरीजमध्ये घेऊन चाइमच्या दोन टोकांना जोडा. बटण दाबलं तरच तिथे व्होल्टेज येतं, आणि ओढला जातो साधारण ३ मिलिअँपिअर. चाइमला पत्ताही लागत नाही.

फक्त एसीमुळे सिग्नल सेकंदाला १२० वेळा तुटतो. पहिल्या पल्सवर मेसेज पाठवून पुढचे ५ सेकंद दुर्लक्ष करा, नाहीतर एका कुरियरवाल्याचे शंभर मेसेज येतील!