पाना बसला म्हणजे बोल्ट ओळखला असे नाही
(जिल्हा मेळाव्यात अवजार दुरुस्तीवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायचे आहे ते पान्याबद्दल आणि नट-बोल्टाबद्दल. विषय ऐकून मागच्या रांगेतले काही भाऊ हसले. हसा, पण घरी गेल्यावर ट्रॅक्टरच्या पेटीत हात घालून बघा. डोके गोल झालेले चार-दोन बोल्ट आणि जबडा फाकलेला एखादा पाना निघाला नाही, तर आम्ही बोललेले सगळे परत घेऊ. पेरणीच्या ऐन घाईत पन्नास अश्वशक्तीचे यंत्र पाच-दहा रुपयांच्या बोल्टापायी बांधावर उभे राहते. मग फिटर शोधायला नगरला नाहीतर श्रीरामपूरला माणूस धाडावा लागतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

पहिली गोष्ट, पान्यावरचा आकडा काय सांगतो? एकोणीसचा पाना म्हणजे एकोणीस मिलिमीटरचा बोल्ट, असे निम्म्या गावाला वाटते. तसे नाही. बोल्टाच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर एकोणीस मिलिमीटर आहे, एवढेच तो आकडा सांगतो. त्या डोक्याखालची दांडी असते बारा मिलिमीटरची. तेराचा पाना लागतो त्याची दांडी आठची, चोवीसचा लागतो त्याची सोळाची. दुकानात बोल्ट मागायचा तो दांडीच्या मापाने, आणि पाना उचलायचा तो डोक्याच्या मापाने. ही दोन मापे वेगळी आहेत, हे आधी डोक्यात पक्के बसवा.

आता घोळ कुठे होतो ते पाहू. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. बाजारात किलो आले, मीटर आले. पण लोखंडाच्या दुकानात आपण आजही सूतच मागतो. एक इंचाची आठ सुते. तीन सूत म्हणजे ३/८ इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. घर बांधताना तीन सूत सळई म्हटले की दुकानदार दहा एमएमची देतो, चार सूत म्हटले की बाराची देतो, आणि स्लॅबला त्याने काही बिघडत नाही. सळईला आटे नसतात. बोल्टाला असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा एमएमचा बोल्ट आणि चार सुती बोल्ट ही एका घरातली भावंडे नव्हेत, त्यांचे गोत्रच वेगळे.

यंत्रेही अशीच दोन गोत्रांची आहेत. मॅसी १०३५ ची वंशावळ इंग्रजी फर्ग्युसन ३५ पर्यंत जाते, म्हणून तिचे बोल्ट मुख्यतः इंचातले. एचएमटीने १९७१ पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी करार करून ट्रॅक्टर काढले, ते मिलिमीटरातले. आपल्या जिल्ह्यात दोन्ही जातींचे जुने ट्रॅक्टर अजून चालतात. त्यात मधल्या काळात कोणी डायनामो बदलला, कोणी गावच्या वर्कशॉपमधून हिच करून घेतली. त्यामुळे एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही मापे शेजारी शेजारी नांदतात.

इंचातही पुन्हा दोन घराणी आहेत. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आपल्या आट्यांची पद्धत मांडली. अमेरिकेची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या या दोन देशांचे नट-बोल्ट एकमेकांना लागेनात. शेवटी १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी मिळून एक सामाईक आटा ठरवला. त्यालाच फिटर यूएनसी आणि यूएनएफ म्हणतात. पहिल्याचे आटे जाड, दुसऱ्याचे बारीक. नगरच्या रणगाडा संग्रहालयात इंग्रजी आणि अमेरिकन रणगाडे एका आवारात उभे आहेत. पोरांना घेऊन गेलात तर त्यांचे बोल्टही बघा.

व्हिटवर्थच्या पान्यात आणखी एक फसवणूक आहे. त्या पान्यावर डोक्याचे माप नसते, दांडीचे असते. १/२ आणि पुढे डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचे तोंड साधारण २३.४ मिलिमीटर असते. नुसते १/२ लिहिलेल्या, नव्या इंची पान्याचे तोंड असते १२.७ मिलिमीटर. आजोबांच्या पेटीतला पाना काढाल तेव्हा हे अक्षर आधी पाहा.

आता चुकीच्या पान्याने नेमके काय होते ते बघू. ३/८ इंची यूएनसी बोल्टाचे डोके ९/१६ इंच असते, म्हणजे १४.३ मिलिमीटर. आपल्या पेटीतला चौदा-पंधराचा पाना घेतला तर चौदाची बाजू आत जात नाही. मग भाऊ पंधराची बाजू लावतो. ती जाते. फट राहते फक्त ०.७ मिलिमीटर. पण त्या फटीपायी पाना सपाट बाजूला टेकत नाही, तो डोक्याच्या कोपऱ्यालाच धरतो. सगळा जोर कोपऱ्याच्या रेघेवर येतो, कोपरा सोलतो, आणि दुसऱ्या झटक्याला पाना गरकन फिरतो. बोटे मडगार्डवर आपटतात ती वेगळीच.

हे ओळखायला व्हर्नियर लागत नाही. पाना बोल्टावर पूर्ण आत बसवा आणि जोर न लावता टोक हलवून बघा. वीतभर लांबीच्या पान्याचे टोक बोटभर हलले तर चालेल. तेवढी ढील योग्य पान्यालाही असते, कारण डोके नेहमी मापापेक्षा किंचित लहान करतात आणि पाना किंचित मोठा. टोक दोन बोटे हलू लागले, तर तो पाना त्या बोल्टाचा नव्हे. फटीत पत्र्याचा तुकडा घालून चालवणारे पुष्कळ आहेत. गंजलेल्या बोल्टाला ती युक्ती डोके गोल करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

काही मापांची जोडी मात्र जमते. ५/८ इंचाच्या डोक्याला सोळाचा पाना चालतो, ३/४ इंचाला एकोणीसचा बसतो, १५/१६ ला चोवीसचा. ९/१६ आणि ११/१६ ला मिलिमीटरचा कुठलाही पाना नीट बसत नाही. ज्याच्या घरी इंची ट्रॅक्टर आहे त्याने निदान एवढे दोन इंची पाने विकत घ्यावेत, शक्यतो रिंग पाने. रिंग पाना सहाही कोपऱ्यांना धरतो, तोंडाचा पाना फक्त दोघांना.

मेट्रिकमध्येही एक गाठ आहे. दहा एमएमच्या बोल्टाला जुन्या जर्मन मापाने सतराचे डोके असे. आता आंतरराष्ट्रीय मापाने सोळाचे असते. बाराला पूर्वी एकोणीस, आता अठरा. दांडी तीच, आटे तेच, नट एकमेकांना लागतात, फक्त पाना बदलतो. जपानी यंत्रांवर तर दहाच्या बोल्टाला चौदाचे डोकेही सापडते. म्हणून नवा बोल्ट टाकला की सवयीने जुना पाना लावू नका, बाजूचा लावून बघा.

पण सगळ्यात मोठा धोका जोडी जमते तिथेच आहे. पारनेर तालुक्यातल्या एका भावाच्या ट्रॅक्टरचे उदाहरण सांगतो. इंची ट्रॅक्टर, मागच्या बीडाच्या खोक्यात हिचच्या कंसाचे चार बोल्ट, अर्ध्या इंचाचे, जाड आट्याचे. डोके ३/४ इंच. एकोणीसचा पाना छान बसायचा. एक बोल्ट तुटला. भावाने विचार केला, एकोणीसचा पाना लागतो म्हणजे बोल्ट बाराचा. बारा एमएमचा नवा कोरा बोल्ट आणला. त्याचे डोकेही एकोणीसचे. हाताने दोन-तीन फेरे सहज गेला, मग अडला. त्याला वाटले, भोकात माती असेल. पाना लावून ओढला. आधी जड गेला, मग घट्ट झाला. घट्ट झाला असे वाटले, एवढेच.

आत काय झाले ते ऐका. बारा एमएमच्या बोल्टाचे आटे १.७५ मिलिमीटरवर एक असतात. अर्ध्या इंची यूएनसीचे इंचाला तेरा, म्हणजे १.९५ मिलिमीटरवर एक. दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटरचा फरक साठत जातो. दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्टाचा आटा भोकाच्या आट्यावर चढतो. पोलादी बोल्ट आणि भोक बीडाचे, तेव्हा सोलते ते बीडच. वर बोल्ट ०.७ मिलिमीटर बारीक, म्हणून आटा अर्धवटच धरतो. दोन दिवस नांगरट झाली आणि तो बोल्ट हाताने निघाला, आट्यात बीडाचा भुगा घेऊन. शेवटी लेथवाल्याकडून भोक मोठे करून आत आट्याची स्प्रिंग बसवावी लागली. योग्य बोल्टाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला, शिवाय दिवस गेला.

तेव्हा बोल्ट ओळखायचा तो आट्यावरून. जुना बोल्ट साफ करा, पट्टीवर ठेवा आणि दहा आट्यांची लांबी मोजा. साडेसतरा मिलिमीटर भरली तर बारा एमएमचा मेट्रिक. साडेएकोणीस भरली तर अर्धा इंची यूएनसी. पावणेतेराच्या आसपास भरली तर अर्धा इंची यूएनएफ, बारीक आट्याचा. एकवीसच्या थोडी वर भरली तर व्हिटवर्थ. व्हिटवर्थचे आटे इंचाला बारा असतात, म्हणून लोखंडाच्या दुकानातला व्हिटवर्थचा चार सुती बोल्ट यूएनसीच्या भोकातही जात नाही, जोर केला तर बिघाड करतो. बोल्ट तुटून भोकातच राहिला असेल, तर त्याच कंसाचा शेजारचा बोल्ट काढून मोजा.

डोक्यावरची खूणही कामाची आहे. ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतील तर तो मेट्रिक. डोक्यावर तीन आडव्या-तिरप्या रेघा चांदणीसारख्या असतील तर तो इंचाचा, ग्रेड पाचचा, ताकदीला साधारण ८.८ च्या बरोबरीचा. काहीच खूण नसेल तर तो मऊ बोल्ट समजा आणि हिचच्या जागी लावू नका.

शेवटची कसोटी बोटांची. नवा बोल्ट साफ भोकात, तेलाचा थेंब टाकून, निदान दांडीच्या जाडीएवढा तरी नुसत्या बोटांनी आत गेला पाहिजे. त्याआधी अडला तर पाना खाली ठेवा, बोल्ट काढा आणि पुन्हा आटे मोजा. दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात न्या आणि नवा नट तिथेच हाताने पूर्ण लांबीभर फिरवून बघा.

आज मंडपाच्या मागे टेबलावर दोन पत्र्याचे डबे ठेवले आहेत, एकात इंची बोल्ट आणि एकात मेट्रिक, सोबत पट्टी आहे. जेवणाआधी ज्यांनी आपापले बोल्ट आणले आहेत त्यांनी तिकडे यावे, एकेक मोजून बघू.