हप्ता ६,००१ चा, मुद्दलात १,००१

(जिल्हा बैठकीत मांडलेल्या भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. घर बांधायला पाच लाखांचे कर्ज काढले. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला. भरलेल्या पैशाची बेरीज तीन लाख साठ हजार होते. मग उतारा काढला तर बाकी चार लाख अठरा हजार कशी? आमचे पैसे गेले कुठे?

हिशेबात चोरी झाली असेल असा संशय पहिल्यांदा येतो. चोरी कधी कधी असतेही. पण वरच्या उदाहरणात एका पैशाचीही चोरी नाही. पैसे कुठे गेले ते आज आपण पै पै मांडून पाहू. बेरीज-गुणाकार येणाऱ्या कोणालाही हा हिशेब घरी बसून तपासता येतो.

कर्ज पाच लाखांचे, मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे १८० हप्ते, आणि व्याज दरसाल दरशेकडा १२. म्हणजे महिन्याला शेकडा एक रुपया. दर प्रत्येकाचा वेगळा असेल, पण हिशेबाला सोपा म्हणून आपण १२ धरू.

एक गोष्ट आधी पक्की करू. व्याज म्हणजे पैशाचा मक्ता. पाच एकर रान मक्त्याने घेतले तर मक्ता पाच एकरांचा द्यावा लागतो. पुढच्या साली अर्धा एकर मालकाला परत केले तर साडेचार एकरांचा. जेवढे रान आपल्या ताब्यात, तेवढ्याचाच मक्ता. कर्जाचेही तसेच. ज्या महिन्यात जेवढे मुद्दल आपल्याकडे बाकी, त्या महिन्यात तेवढ्यावरच व्याज. पहिल्या महिन्यात पूर्ण पाच लाख आपल्याकडे आहेत, म्हणून शेकडा एकने व्याज ५,००० रुपये. यात बँकेची मर्जी चालत नाही आणि आपलीही नाही.

आता हप्ता किती असावा? महिन्याला नुसते ५,००० भरले तर त्या महिन्याचे व्याज तेवढे चुकते होईल, मुद्दल जागचे हलणार नाही. पंधरा वर्षांनीही पाच लाख तसेच उभे राहतील. म्हणून ५,००० च्या वर काही रक्कम द्यावीच लागते. ही वरची रक्कम किती असावी, एवढाच प्रश्न उरतो.

तो सोडवायला भिशीसारखा विचार करा. समजा महिन्याला एक रुपया बाजूला टाकला, आणि त्यावरही महिन्याला शेकडा एक दराने, व्याजावर व्याज धरून, वाढ होत गेली. १८० महिन्यांत आपण टाकले १८० रुपये, पण त्यांचे झाले ४९९ रुपये ५८ पैसे. मोबाईलवर तपासायचे असेल तर १.०१ ला १.०१ ने गुणत जा, असा तो आकडा १८० वेळा घ्या. उत्तर ५.९९५८ येईल. त्यातून एक वजा करा आणि शंभराने गुणा. ४९९.५८ मिळतील.

महिन्याच्या एका रुपयाचे ४९९ रुपये ५८ पैसे होतात, तर पाच लाख व्हायला महिन्याला किती टाकावे लागतील? पाच लाखांना ४९९.५८ ने भागा. उत्तर येते १,००० रुपये ८४ पैसे. त्यात व्याजाचे ५,००० मिळवले की झाले ६,००० रुपये ८४ पैसे. बँक रुपया पुरा करून ६,००१ लावते. हप्त्याचे सगळे गणित एवढेच आहे. पहिल्या महिन्याचे व्याज, आणि मुदतीअखेर मुद्दल फिटेल एवढी वरची रक्कम.

यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या हप्त्यातले ५,००० व्याजात गेले, मुद्दलात फक्त १,००१ गेले. मुद्दल १,००१ ने उतरले म्हणून दुसऱ्या महिन्याचे व्याज दहा रुपयांनी कमी झाले. हप्ता मात्र तोच, म्हणून ते दहा रुपये मुद्दलाकडे वळले. दुसऱ्या हप्त्यात मुद्दलात १,०११ गेले. तिसऱ्यात आणखी दहा रुपये जास्त. मुद्दलाचा वाटा असा मुंगीच्या पावलाने वाढतो. १,००१ चे दुप्पट व्हायला सत्तर महिने लागतात.

पहिल्या वर्षात आपण ७२ हजार भरतो. त्यातले ५९ हजारांवर व्याजात जातात आणि मुद्दल फिटते १२,७०० च्या आसपास. पाच वर्षांत भरले ३ लाख ६० हजार, मुद्दल फिटले सुमारे ८२ हजार. सुरुवातीच्या प्रश्नातली ४ लाख १८ हजारांची बाकी ती हीच. हप्त्यातला निम्म्याहून जास्त भाग मुद्दलात जायला लागतो तो ११२ व्या हप्त्यापासून, म्हणजे दहाव्या वर्षात. निम्मे कर्ज फिटते साडेदहा वर्षांनी. उरलेले निम्मे साडेचार वर्षांत फिटते, आणि शेवटच्या हप्त्यात व्याज उरते फक्त ५९ रुपये.

तेव्हा बँक आधी व्याज ओरपते आणि मग मुद्दलाला हात लावते, हे म्हणणे बरोबर नाही. प्रत्येक महिन्यात त्या महिन्याचेच व्याज कापले जाते. सुरुवातीला बाकी मोठी असते म्हणून व्याज मोठे. मुदत जितकी लांब, तितकी वरची रक्कम लहान, आणि तितकी ही सुरुवातीची वर्षे जड. हप्ता हलका दिसावा म्हणून मुदत वाढवून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या कोरडवाहू माणसाची खरी अडचण इथे आहे. हप्ता दर महिन्याला येतो. कापूस दर महिन्याला वेचला जात नाही, ज्वारीही दर महिन्याला घरी येत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हातात पैसा खेळतो. मृगात तो बियाण्या-खतात जातो आणि पोळ्याला खिसा रिकामा असतो. अशा वेळी एक हप्ता चुकला तर काय होते?

समजा तेरावा हप्ता चुकला. त्या महिन्याचे व्याज ४,८७३ रुपये झाले आणि ते आपल्या देण्यात पडले. त्याआधीच्या चार हप्त्यांत मिळून मुद्दल फिटले होते ४,४०० रुपये. म्हणजे एका चुकलेल्या हप्त्याने मागच्या चार हप्त्यांची कमाई पुसून टाकली, वर दंड निराळाच. हाच हप्ता चौदाव्या वर्षी चुकला तर नुकसान याच्या कितीतरी कमी होते, कारण तेव्हा व्याजच थोडे उरलेले असते. म्हणून ज्यांचे कर्ज नवे आहे त्यांनी कापूस विकल्यावर पुढच्या मृग ते दिवाळीचे हप्ते आधी बाजूला काढून ठेवावेत. आणि जे कर्ज शेतीच्या कामासाठी आहे, त्याला मासिक हप्ता घेऊच नये. पीक निघण्याच्या वेळेला जुळणारा सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागावा आणि सही करण्यापूर्वी मागावा.

दुसरा धोका बदलत्या व्याजदराचा. पाच वर्षांनी दर १२ चा १३ झाला असे धरा. हप्ता पुष्कळदा तोच ठेवतात, म्हणून आपल्याला काहीच कळत नाही. पण त्या महिन्याचे व्याज ४,१८३ ऐवजी ४,५३१ होते आणि मुद्दलात १,८१८ ऐवजी १,४७० च जातात. राहिलेल्या १२० हप्त्यांचे १३१ होतात. अकरा हप्ते वाढले आणि घरात कोणाला पत्ता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. दर तिमाहीला आजवर वसूल झालेले व्याज, फिटलेले मुद्दल आणि राहिलेले हप्ते दाखवणारा उतारा मिळाला पाहिजे. तो मागून घ्या. राहिलेल्या हप्त्यांची संख्या महिन्याला एकाने कमी होते आहे का, एवढे जरी पाहिले तरी पुरते.

आता याच हिशेबाची आपल्या फायद्याची बाजू. सुरुवातीला मुद्दल हळू फिटते, म्हणून सुरुवातीला मुद्दलात टाकलेला जादा पैसा सर्वांत जास्त काम करतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी कापसाच्या पैशातून २०,००० रुपये जास्तीचे मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मागचे सोळा हप्ते पूर्ण उडतात आणि शेवटचाही कमी होतो. वीस हजार भरून सुमारे ९८ हजारांचे हप्ते वाचले. तेच वीस हजार दहा वर्षांनी भरले तर वाचतात फक्त सुमारे सहा हप्ते, म्हणजे ३५ हजार.

पण थांबा. गावात सावकाराचे शेकडा तीनने काही देणे असेल, तर हे वीस हजार आधी तिकडे गेले पाहिजेत. पीककर्ज थकले तर व्याजाची सवलत जाते, म्हणून तेही आधी. घरकर्जात जादा भरायचे ते या दोन्हींतून मोकळे झाल्यावर.

भरतानाही एक खबरदारी घ्या. नुसते पैसे देऊन परतलात तर कधी कधी ते पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून ठेवले जातात. त्याने मुद्दल उतरत नाही. लेखी अर्ज द्या: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.’ अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि पुढच्या उताऱ्यात मुद्दल त्या तारखेला उतरले का ते पाहा. व्यक्तीच्या नावाचे, बदलत्या दराचे घरकर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही. दर कायम असेल तर करारात काय लिहिले आहे ते वाचून घ्या.

नवे कर्ज घेणाऱ्यांसाठी शेवटचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरकर्जासारख्या किरकोळ मुदतकर्जांना सहीपूर्वी एक तथ्यपत्रक द्यावे लागते, तेही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर असतो, आणि हप्त्यागणिक व्याज किती, मुद्दल किती याचा तक्ताही असतो. त्या तक्त्याची पहिली ओळ वाचा. बाकी रकमेला वार्षिक दराने गुणा, शंभराने भागा, मग बाराने भागा. येईल ते पहिल्या महिन्याचे व्याज. तक्त्यातला आकडा त्याच्याशी जुळला तर सही करा. जुळला नाही तर फरक कशाचा ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच ठेवा.