आज कोरम भरला

अध्यक्षताई, प्रमुख पाहुण्या पशुधन विकास अधिकारी मॅडम, संचालक ताई आणि सभासद मैत्रिणींनो, आपल्या महिला दूध संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिव म्हणून मी सर्वांचं स्वागत करते.

मॅडम, लाळ्या-खुरकताच्या लसीकरणाला तुम्ही भर पावसात आमच्या गोठ्यांत आलात. आज कासदाहाबद्दल तुमच्याकडून ऐकायचंय.

बायांनो, गेल्या वर्षी 110 सभासदांपैकी 15 जणीच आल्या होत्या. कोरमला पाचवा हिस्सा, म्हणजे 22 जणी लागतात. अर्धा तास थांबून सभा तहकूब केली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून त्याच 15 जणींनी सगळ्यांच्या नफ्याचं ठरवलं. नंतर बोनस कमी पडला म्हणून घरोघरी कुरकुर झाली. मीही नोटीस फक्त डेअरीच्या भिंतीवर लावली होती, ती चूक माझी. यंदा 14 दिवस आधी घरोघरी दिली. आज हजेरीवहीत 64 सह्या आहेत.

यंदाचा निव्वळ नफा 80 हजार आहे. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे 20 हजार, कायद्यानं राखीव निधीत जातो. त्याला हात लावता येत नाही. उरलेल्यातून लाभांश किती आणि दुधावर बोनस किती, ते तुम्ही ठरवायचं. लाभांश भागावर मिळतो, बोनस घातलेल्या दुधावर. ताळेबंद वाचताना कळलं नाही, तर कोणतीही मावशी, वहिनी असो, हात वर करा. मी पुन्हा वाचेन.

मॅडम, पुन्हा एकदा स्वागत.