शेततळ्याचं पाणी उन्हात उडतंय की जमिनीत मुरतंय?

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, पण आज कोडबद्दल नाही, बादलीबद्दल बोलणार आहे.

एप्रिलमध्ये कामरगावला घरी गेलो होतो. आमचं शेततळं प्लास्टिकचं अस्तर असलेलं. पाणी रोज खाली जात होतं. बाबा म्हणाले, "कागद फाटला रे, पूर्ण बदलावा लागते." मी म्हटलं, "बाबा, ऊन पण तर किती आहे! आधी मोजून पाहू."

एका बादलीत तळ खाली राहील इतके दगड टाकले, काठोकाठच्या जरा खाली तळ्याचंच पाणी भरलं आणि दोरीने बांधून ती तळ्यातच तरंगत ठेवली. काठावर ठेवली असती तर बादली जास्त तापली असती आणि हिशोब चुकला असता. आत पाण्याच्या पातळीला खूण केली. तळ्याच्या पाण्याला कागदावर दुसरी खूण केली. मग चार दिवस मोटर बंद. कागद घसरडा असतो, म्हणून कमरेला दोर बांधून, दुसरा माणूस काठावर ठेवूनच खाली उतरायचं.

बादली फुटलेली नाही, म्हणजे तिच्यातलं पाणी फक्त उडून जातं. तळ्यातलं त्याहून जास्त घटलं, तर तो फरक गळतीचा.

चार दिवसांनी बादलीत ४ सेंमी घट दिसली. तळ्याच्या उतारावर पाणी १३ सेंमी सरकलं होतं. बाबा लगेच म्हणाले, "पाहा!" पण इथेच बहुतेक जण फसतात. आपण तिरप्या उतारावर मोजलं होतं, उभं नाही. आमचा उतार दीडास एक, म्हणजे दीड मीटर आडवं गेलं की एक मीटर खोल. तिथे १३ सेंमीची उभी घट साधारण ७.२ सेंमीच.

फरक ३.२ सेंमी, म्हणजे दिवसाला ८ मिमी. एक चौरस मीटरवर एक मिमी पाणी म्हणजे एक लिटर. आमच्या पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ४०० चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ३,२०० लिटर गळती. बाबा बरोबर होते, पण अर्धेच. घटीतला निम्म्याहून जास्त भाग उन्हाचाच होता.

मग मोटर बंदच ठेवून रोज मोजत राहिलो. काही दिवसांनी बादली आणि तळं सारखंच घटायला लागलं. याचा अर्थ भोक आता पाण्याच्या वर आलं होतं. ताज्या पाणरेषेच्या लगत कागद चाचपला, तर इनलेट पाइपाजवळ बोटभर चीर सापडली. पूर्ण कागद बदलायची गरजच नव्हती, ठिगळ लावून भागलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मध्येच पाऊस आला, लाटेने बादलीत पाणी उडालं किंवा गुरं पाणी प्यायली, तर ते मोजमाप सोडून द्या आणि पुन्हा सुरू करा. आणि फरक एक-दोन मिमीच असेल तर निष्कर्ष काढू नका, आणखी काही दिवस मोजा. पट्टीने मोजताना तेवढी चूक सहज होते.

तुमच्या तळ्यावर करून पाहा, आकडे मला कळवा. भेटू पुढच्या भागात.