शाबासकीला उत्तर



वरिष्ठांनी दोष दिला तर काय उत्तर द्यावे, हे आमच्या चळवळीने कामगारांना पुष्कळ शिकवले. पण वरिष्ठांनी चारचौघांत शाबासकी दिली तर काय म्हणावे, हे कोणी शिकवले नाही. पूर्वी शाबासकी तोंडी असे आणि वाऱ्यावर जाई. आता ती विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून येते, पन्नास जण ती वाचतात आणि खाली आपले उत्तर कायमचे राहते. म्हणून हा प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

एक प्रसंग कल्पू. कारखान्यातील हायड्रॉलिक प्रेस रात्री बंद पडला. सिलिंडरचा सील फाटून तेल गळू लागले. फिटरने सहा तास खपून सील बदलला आणि सकाळी उत्पादन सुरू झाले. साहेबांनी गटावर लिहिले, “काल रात्री प्रेस सुरू झाला तो केवळ आपल्या फिटरमुळे. असा माणूस विभागात असणे हे आमचे भाग्य.”

आता फिटरपुढे दोन वाटा सहज उभ्या राहतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिली अशी: “मी काहीच केले नाही, सारे साहेबांचे मार्गदर्शन.” हा विनय नव्हे. साहेबांनी जे पाहिले ते खोटे, असे आपण त्यांना सांगतो. वर खुशामतही करतो. शिवाय ‘काहीच केले नाही’ हे लेखी राहते. उद्या हाच माणूस वरच्या श्रेणीसाठी अर्ज करील, तेव्हा त्याचेच वाक्य त्याच्या आड येईल. दुसरी वाट: “पंधरा वर्षांचा अनुभव आहे, असली कामे आम्हांला किरकोळ.” हे वाचून ज्याने रात्री त्याच्यासाठी बॅटरी धरली तो हेल्पर काय म्हणेल?

आम्ही संघटनेची माणसे तिसरी वाट सुचवतो, “हे सर्वांचे यश आहे.” उठल्याबसल्या ‘आम्ही’ म्हणण्याची आमची सवयच तशी! पण तीही पुरेशी नाही. सर्वांचे म्हटले की कोणाचेच होत नाही. ज्या ऑपरेटरने वेळीच डोळे उघडे ठेवले, तो या ‘सर्वांत’ बुडून जातो.

मग उत्तर कसे असावे? आमच्या मते असे:

“साहेब, आभारी आहे. सील बदलण्याचे काम माझे होते, ते सकाळच्या पाळीपूर्वी झाले याचे समाधान वाटते. गळती दिसताच ऑपरेटरने प्रेस थांबवला, म्हणून पंप कोरडा चालला नाही. स्टोअरकीपरने घरून येऊन सील काढून दिला. तेलात कचरा आढळला आहे. टाकी साफ करणे बाकी आहे.”

यात सहा वाक्ये आहेत. पहिल्यात आभार, तेही एकदाच. दुसऱ्यात स्वतःचे काम, जेवढे तेवढे, विशेषणाशिवाय. पुढच्या दोहोंत इतरांचे श्रेय; गटावर तेथे हुद्द्याऐवजी नाव लिहावे आणि त्याने नेमके काय केले तेही लिहावे. साहेबांच्या ‘केवळ’ या शब्दाची दुरुस्ती त्यात आपोआप होते, साहेबांना खोटे न पाडता. शेवटच्या दोन वाक्यांत उरलेले काम. कचरा राहिला तर नवा सीलही फाटेल, हे जाणणारा माणूस स्तुतीने फुगलेला नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळते.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे ओळखायची एक कसोटी आहे. त्या रात्री हजर असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांनी ते वाचावे. कोणी “हे खोटे आहे” म्हणेल, तर फुशारकी झाली. कोणी “मी कुठे गेलो?” म्हणेल, तर श्रेय राहून गेले. आणि स्वतः फिटरला “मग मी सहा तास काय केले?” असा प्रश्न पडला, तर विनय खोटा ठरला.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ते सहा तास जादा कामाचे असतील, तर त्यांचे दुप्पट दराचे वेतन शाबासकीने फिटत नाही. तथापि ती मागणी या उत्तरात घुसडू नये. तेथे ती टोमण्यासारखी दिसते आणि साहेबांना गटावर होकार देणेही अवघड होते. तास हजेरीपत्रकात नोंदवून घ्यावेत आणि त्याच दिवशी वेगळा लेखी अर्ज द्यावा. त्या अर्जात मात्र साहेबांच्या संदेशाची तारीख जरूर लिहावी. काम झाल्याची साक्ष त्यांनी स्वतःच दिलेली असते.