खंजिराच्या जागी सुरी



अध्यक्षाच्या भाषणात मराठी रंगभूमीचा आढावा असायला हवा, अशी रीत आहे. ती आज मी मोडणार आहे. समोर एकपात्री लिहिणारे आणि करणारे बसले आहेत. त्यामुळे आढाव्याऐवजी एक काम टेबलावर उघडून दाखवावं म्हणतो. गंभीर स्वगत घ्यायचं, त्यातला घटनेचा एकही टप्पा न गाळता ते हलकंफुलकं करायचं, एवढंच ते काम.

हे विडंबन नव्हे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’मध्ये थट्टा होते ती कवींच्या लकबींची. आपल्याला मूळ लेखकाला बोटही लावायचं नाही. त्यानं रचलेला जिना तसाच ठेवायचा आणि त्यावरून दुसरा माणूस चढवायचा.

नमुना म्हणून मॅकबेथचं खंजिराचं स्वगत घेऊ. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे हे नाटक आपल्याला परकं नाही. दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, तीसेक ओळी. राजा डंकन पाहुणा म्हणून घरात झोपलेला आहे. मॅकबेथ नोकराला पिटाळतो: पेय तयार झालं की घंटा वाजव म्हणून बाईसाहेबांना सांग. एकटा उरताच त्याला हवेत खंजीर दिसतो, मूठ त्याच्याच हाताकडे वळलेली. तो पकडायला जातो, हाती काही लागत नाही. हा तापल्या डोक्याचा खेळ तर नाही ना, अशी शंका येते. पडताळा म्हणून तो कमरेचा खरा खंजीर उपसतो. हवेतला खंजीर त्याला जायच्याच दिशेनं नेऊ लागतो आणि मग पात्यावर रक्ताचे थेंब दिसतात, जे आधी नव्हते. तो ते सारं झिडकारतो, रात्रीचं वर्णन करतो, पावलांचा आवाज ऐकू नकोस म्हणून जमिनीला विनवतो, नुसत्या बोलण्यानं काम थंडावतं म्हणून स्वतःला दटावतो. घंटा वाजते. तो निघतो, आणि जाताना म्हणतो की हा नाद डंकनला स्वर्गात तरी नेईल नाहीतर नरकात.

आता आपले नाना. निवृत्त, मधुमेही. घरात व्याही मुक्कामाला आहेत आणि त्यांनी स्वतःच्या झाडाचा, मोसमातला शेवटचा हापूस उद्या सकाळसाठी राखून ठेवलाय. नाना नातवाला सांगतात, “आजीला सांग, माझं हळदीचं दूध झालं की चमचा वाजव म्हणावं.” आजी कटात सामील आहे, अर्धा आंबा तिचा. पाहुण्याशी दगा आणि बायकोची फूस ही मुळातली दोन्ही कलमं इथे शाबूत आहेत. ती सोडून नानांना नुसतं फ्रीजपाशी उभं केलंत तर उरेल तो खादाड म्हातारा, आणि खादाड म्हाताऱ्याला स्वगताची गरज नसते.

हवेत दिसते ती फळं कापायची सुरी. हात घालतात, मुठीत वारा येतो. “संध्याकाळची गोळी घेतली होती ना मी?” ही झाली शंका. मग लेंग्याच्या खिशातून पेन्सिलीला टोक काढायचा चाकू निघतो आणि दोन्ही पाती शेजारी धरून पाहिली जातात. बहुतेक लेखक इथे घाई करतात. हवेत हात मारणं आणि खिशातला चाकू काढणं एकाच विनोदात उरकतात, कारण दोन्हीत हसू एकाच जातीचं आहे. पण हात रिकामा आला म्हणून शंका आली, आणि शंका आली म्हणून पडताळा. मधली शंका गेली की चाकू काढायला कारणच उरत नाही. प्रेक्षक तेव्हाही हसतो, पण पुढच्या टप्प्याला तो तयार नसतो. आणि पुढचा टप्पा सगळ्यात मोठा आहे: सुरीच्या पात्यावरून केशरी रस ओघळतो. “मघाशी हा नव्हता.” मुळात रक्त आहे तिथे हा रस आहे. खरा हशा इथे यायला हवा, त्याआधीचे हशे आखूड ठेवा.

तालमीत हे तपासायची साधी सोय आहे. दोन्ही संहिता शेजारी ठेवा, समासात प्रत्येक टप्प्याला आकडा घाला आणि नव्या संहितेतला एकेक विनोद खोडून वाचा. विनोद खोडल्यावरही आकडा जागेवर राहत असेल, तर तो विनोद बाहेरून चिकटवलेला होता. चांगला असेल तर दुसरीकडे वापरा.

रात्रीचं वर्णन हमखास गाळलं जातं. त्यात गंमत कुठे आहे, असं लेखक मला विचारतात. मॅकबेथ तिथे चेटकिणी, लांडगा, भुतासारखी चालणारी हत्या या सगळ्यांच्या पंगतीत स्वतःला बसवतो आणि त्यातून धीर गोळा करतो. नानांनाही धीर हवाच आहे. “या प्रहरी अर्धी सोसायटी मेल्यासारखी पडली आहे. जागे आहोत आम्ही तिघंच. गच्चीवरचं घुबड, तळमजल्याची दूधचोर मांजर, आणि मी.” हे पूर्ण गांभीर्यानं म्हणायचं. नानांना आपण विनोदी आहोत याचा पत्ता असता कामा नये. नटानं डोळा मिचकावला की खेळ संपला. पुढची विनवणी पॅसेजमधल्या हलणाऱ्या फरशीला: “आज वाजू नकोस, मे महिन्यात तुला सिमेंट लावतो.”

वाक्यरचनेची एक अडचण मराठीत येतेच. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हशाचा शब्द वाक्याच्या पोटात दडपला जातो. “व्याह्यांचा आंबा कापायला मी निघालो आहे” यात आंबा मध्येच सांडतो. “निघालो मी! व्याह्यांचा आंबा कापायला” असं फिरवलं की तो जागेवर येतो. प्रत्येक वाक्य मात्र असं फिरवू नका, तिसऱ्यांदा प्रेक्षक ओळखतो.

राहिला शेवटचा टप्पा. स्वर्ग की नरक याचं काय करायचं? इथे मरण नाही. म्हणून अनेक जण चमचा वाजला की पडदा पाडतात, आणि दुहेरी शक्यतेचा तो टप्पा हरवतो. उत्तर आंब्यातच आहे. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आत साका निघू शकतो, आणि कापल्याशिवाय ते कळत नाही. चमचा वाजतो. “ऐकू नका, व्याही! हा नाद तुमच्या आंब्याचा निकाल लावतोय. केशरी निघाला तर स्वर्ग. साका निघाला, तर सकाळी मीच तुम्हाला विचारीन, आंबा कुठे गेला?”

हे उलट दिशेनंही करता येतं. चेखोव्हनं ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ हे एकपात्री 1886 मध्ये लिहिलं ते हसवण्यासाठी. त्यावर तो पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला आणि 1903 मध्ये छापलेल्या रूपात तोच बायकोच्या हुकमावरून व्याख्यान द्यायला आलेला नवरा अंगातला कोट काढून पायाखाली तुडवतो. माणूस तोच, प्रसंग तोच, भार बदलला.

पण प्रत्येक स्वगताला हे सोसत नाही. खंजिराचं स्वगत सोसतं, कारण खून अजून झालेला नाही. जे गमवायचं ते पुढे आहे, म्हणून त्या जागी आंबा ठेवता येतो. त्याच नाटकाच्या पाचव्या अंकात राणी गेल्याची बातमी आल्यावर मॅकबेथ बोलतो, ते घेऊन पाहा. जे जायचं ते गेलेलं आहे, आणि बोलण्यात घटनाही नाहीत: तो काही पाहत नाही, उचलत नाही, कुठे जात नाही. टप्पे राखायचे म्हणाल तर राखायला तिथे नुसता विचार आहे. राणीच्या जागी मांजर मेली असं लिहून आणलेली संहिता मी वाचली आहे. ती मी स्पर्धेसाठी घेतली नाही, आणि पुढेही घेणार नाही.